वहिनींचं प्रचारपत्रक : 'उच्चविद्याविभूषित' खोडलं, आता तिथे काय लिहू?

माणदेशी_पोरगा

मंडळी, थोडी मदत हवी आहे, घाईची आहे.

आमचं गाव माण तालुक्यात. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आहे आणि आमच्या वॉर्डात महिला राखीव जागेवर माझ्या चुलत वहिनी उभ्या राहताहेत. मी पुण्यात नोकरीला, त्यामुळे 'तू शिकलेला, तू पत्रक बघ' म्हणून हे काम माझ्या गळ्यात. अर्ज अजून भरायचा आहे, चिन्ह माघारीनंतर मिळेल. पण छापखान्यावर त्या दिवसांत गर्दी असते म्हणून पॅनेलच्या पोरांनी मजकूर आधीच जुळवून घेतलाय. तो असा आहे :

'उच्चविद्याविभूषित, धडाडीच्या, कार्यतत्पर उमेदवार. शिक्षण : बी.ए. शाळा व्यवस्थापन समितीच्या माध्यमातून शाळेला संरक्षक भिंत मिळवून दिली. बचत गटातून शेकडो महिलांना रोजगार. दुष्काळात गावाची तहान भागवणारी जलदूत. अनेक निराधार महिलांना पेन्शन मंजूर करून दिली.'

वहिनींनी स्वतःच वाचून विचारलं, 'ही बाई कोण?' त्यांचं म्हणणं, आहे तेवढंच लिहा, साध्या भाषेत लिहा. खरी गोष्ट अशी की त्या दहावी पास आहेत (२००४). बारावीला इंग्रजी राहिलं. लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून पूर्वतयारी करून बी.ए.ला नाव घातलं, पहिलं वर्ष झालं, मग सुटलं. शाळा समितीवर होत्या, बचत गटाच्या सचिव आहेत, २०१९ च्या दुष्काळात टँकरचं काम बघितलं.

खरं लिहायचंय, पण लिहिल्यावर ते अगदीच फिकं दिसतंय. कसं लिहावं?

रानवारा

भाऊ, मी तीन पॅनेलं लढवली आहेत. पत्रक कोण वाचतं? फोटो बघतात, चिन्ह बघतात आणि भाकरी गुंडाळायला घेतात. ग्रामपंचायतीला मत भावकीवर पडतं. बी.ए. लिहा नाहीतर एम.ए. लिहा, एक मत हलत नाही. उगाच डोकेफोड करू नका, छापून मोकळे व्हा.

ॲडव्होकेट_होणार

रानवारा यांच्याशी अजिबात सहमत नाही. पत्रकात शिक्षण खोटं लिहिलं तर निवडून आल्यावरही सदस्यत्व रद्द होतं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, मणिपूरच्या आमदाराची आमदारकी एमबीए खोटं लिहिल्यामुळे गेली होती. आम्हाला हा खटला शिकवलाय. त्यामुळे बी.ए. हा शब्द पत्रकावर यायलाच नको.

छापखाना

'उच्चविद्याविभूषित' कुठून आलं ते सांगतो. मी तालुक्याच्या गावी डीटीपी करतो. आमच्याकडे कोरलमध्ये पाच-सहा तयार साचे असतात. फोटो बदलायचा, नाव बदलायचं, चिन्ह टाकायचं. 'कार्यसम्राट' पुरुषांच्या साच्यात, 'धडाडीच्या' बायकांच्या. कोणी मजकूर आणलाच नाही तर साच्यातला तसाच जातो. एका निवडणुकीत एकाच वॉर्डातले दोन विरोधी उमेदवार माझ्याकडून सारखाच परिचय छापून घेऊन गेले होते, दोघांनाही पत्ता नव्हता.

रानवारांना एक सांगतो. वाचत नाहीत असं नाही. विरोधक वाचतो. शब्द न् शब्द वाचतो.

निवृत्त_विस्तार

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो, ग्रामपंचायत निवडणुकांची कामं बरीच वर्षं केली. दोन-तीन गोष्टींची गल्लत होते आहे ती आधी सोडवू.

मणिपूरचा खटला बरोबर आहे, पण तो पत्रकाचा नव्हता. २०१२ च्या विधानसभेला मोइरांगच्या उमेदवाराने अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात मैसूर विद्यापीठाचं एमबीए लिहिलं होतं. तसं एमबीए नव्हतंच. 'कारकुनी चूक झाली' हा बचाव टिकला नाही आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रद्द ठरवणं कायम केलं. मुद्दा शपथेवर दिलेल्या माहितीचा होता. आणि ते लोकप्रतिनिधित्व कायद्याखालचं प्रकरण. ग्रामपंचायतीला आपला १९५८ चा ग्रामपंचायत कायदा लागतो, त्यात कलम १५ खाली निकालानंतर पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करावा लागतो. एखाद्याने पत्रकात बढाई मारली म्हणून लगेच सदस्यत्व गेलं, असं होत नाही.

उलट बाजूही ऐका. २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका आमदाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं की शिक्षणाची चुकीची माहिती हा निवडणुकीतला भ्रष्ट आचार ठरत नाही, आपल्याकडे शिक्षण बघून कोणी मत देत नाही. म्हणजे रानवारा म्हणतात ते थेट न्यायालयाच्या तोंडून आलेलं आहे!

पण तुमच्या कामाचा मुद्दा वेगळाच आहे. तुमचा अर्ज अजून भरायचाय. आधी प्रतिज्ञापत्रातला शिक्षणाचा रकाना ठरवा आणि पत्रकात तेच उतरवा, उलटं नको. माझ्या पाहण्यात गडबड अशीच होते. पॅनेलचा पोरगा आधी पत्रक जुळवतो, मग अर्ज भरायला बसल्यावर समोरच्या पत्रकात बघून 'बी.ए.' टाकतो, आणि उमेदवार न वाचता सही करतो. पत्रकातली बढाई अशी शपथेवर जाते. प्रतिज्ञापत्र कोणालाही बघायला मिळतं. विरोधी पॅनेल ते आणि पत्रक शेजारी शेजारी ठेवून मोबाइलवर फिरवतं.

दुसरं, तुम्ही 'बी.ए.चं पहिलं वर्ष झालं' लिहिलंय. झालं म्हणजे काय? निकालपत्र काढा. सगळे विषय सुटलेत का बघा.

कोकणातला_गजा

चांगला धागा. म्हणजे आता ग्रामपंचायतीला बी.ए. लागतं का? माझा मेहुणा उभा राहतोय, तो सहावीतून शाळा सोडलेला. त्याचा अर्ज बाद होईल का?

निवृत्त_विस्तार

गजाभाऊ, बी.ए. लागत नाही, धागा त्याबद्दल नाही. तुमच्या मेहुण्यांचा जन्म कधीचा? १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला ग्रामपंचायतीसाठी सातवी पास असावं लागतं. आधीचा जन्म असेल तर शिक्षणाची अट नाही.

कोकणातला_गजा

१९८८. सुटलो! आभारी आहे साहेब.

सुलू

मी एक टर्म सदस्य होते (सोलापूर जिल्हा). माझ्या पत्रकाची गंमत सांगते. माझी दहावीची सनद माहेरच्या नावाने, मतदार यादीत सासरचं नाव. पत्रकात 'दहावी, अमुक विद्यालय' एवढंच होतं. समोरच्यांनी शाळेत जाऊन विचारलं, 'या नावाची मुलगी तुमच्याकडे होती का?' शाळेने रजिस्टर बघून खरं ते सांगितलं, की या नावाची कोणी नव्हती. दोन दिवस गावभर 'दहावी खोटी' चाललं होतं. शेवटी सनदेची झेरॉक्स आणि लग्नाचा दाखला घेऊन मी दारोदार फिरले. प्रचाराचे दोन दिवस त्यातच गेले.

म्हणून माणदेशी, वहिनींच्या शिक्षणाच्या ओळीत माहेरचं नाव टाक. 'माहेरचं नाव अमुक' एवढंच. जागा लागत नाही आणि माहेरच्या गावातली माणसंही ओळखतात.

आणि पत्रक फिकं दिसतंय म्हणालास. मला वाटतं तू वहिनींना नीट विचारलंच नाहीस. 'टँकरचं काम बघितलं' म्हणजे काय बघितलं? टँकर तर सगळेच बघतात.

रानवारा

सुलूताई, हेच म्हणतोय मी. खरं लिहिलं तरी लोक शाळेत जाऊन विचारतात. मग फरक काय पडला?

सुलू

फरक एवढाच की माझ्याकडे सनद होती.

माणदेशी_पोरगा

विस्तारसाहेब, सुलूताई, काल रात्री वहिनींशी तासभर बोललो. दादाने ट्रंकेतून कागद काढले.

बी.ए.चं निकालपत्र सापडलं. पहिल्या वर्षाचा एक विषय राहिलेला आहे. वहिनींना ते आठवतही नव्हतं, नंतरची परीक्षा त्यांनी दिलीच नाही, त्या वेळी धाकटी पोटात होती. माहेरचं नाव सनदेवर आहे, ते टाकतो.

आता टँकर. हे मलाही माहीत नव्हतं. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीला टँकर यायचा, तो विहिरीत ओतायचे. ड्रायव्हरकडे लॉगबुक, त्यावर गावातल्या कोणाची तरी सही लागायची. वस्तीवर दिवसभर घरी असणाऱ्या आणि सही करता येणाऱ्या म्हणून वहिनींचं नाव ठरलं. सुरुवातीला ड्रायव्हर एक खेप टाकायचा आणि दोन रकान्यांवर सही मागायचा, 'दुसरी संध्याकाळी आणतो वहिनी' म्हणून. संध्याकाळी यायचा नाही. मग वहिनींनी मुलाची अर्धी कोरी राहिलेली गणिताची वही घेतली आणि त्यात तारीख, वेळ, गाडीचा नंबर, भरलेला आला की अर्धा आला, असं लिहायला लागल्या. आलेल्या खेपेपुढेच सही, पुढच्या खेपेची आगाऊ सही नाही. दोनदा टँकर परत जाण्याची धमकी झाली. ग्रामसेवकाला वही दाखवल्यावर दुसरी खेप यायला लागली. वही अजून आहे! पहिल्या पानावर भागाकार आणि मागे टँकर.

आणि हे सगळं 'जलदूत' या एका शब्दात गेलं होतं.

छापखाना

वा! त्या वहीच्या एका पानाचा फोटो काढून पाठव. पत्रकात मागच्या बाजूला टाकू. मोबाइलवर सरळ वरून, उजेडात काढ, सावली नको. गाडीचा नंबर मात्र पुसावा लागेल.

निवृत्त_विस्तार

छापखानेवाल्यांना दुजोरा. गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा उल्लेख दोन्ही नको. ड्रायव्हर खोटी सही मागत होता हे तुम्हाला माहीत आहे, पण पत्रकात लिहिलं की तो आरोप होतो आणि तो माणूस तालुक्यातलाच असणार. वहिनींनी काय केलं तेवढंच लिहा. वाचणाऱ्याला बाकीचं कळतं, वस्तीवरच्या लोकांनी तर ते डोळ्यांनी बघितलंय.

एक सावधगिरी. 'टँकर मंजूर करून आणला' असं चुकूनही येऊ देऊ नका. टँकरची मागणी ग्रामपंचायत करते, पाहणी होते, मंजुरी सरकारी अधिकारी देतात. सदस्य नसलेल्या बाईंनी टँकर मंजूर केला असं छापलं तर ग्रामसेवकच चावडीवर हसेल. हिशेब ठेवला, हे त्याहून मोठं आहे आणि ते पूर्णपणे त्यांचं आहे.

हाच नियम निराधार योजनेला लावा. संजय गांधी निराधारचे अर्ज तहसीलला जातात, मंजुरी तिथे होते. वहिनींनी काय केलं? फॉर्म भरले? दाखले गोळा केले? सोबत गेल्या? तेच क्रियापद वापरा. आणि कोणाला मदत केली त्यांची नावं किंवा फोटो बिलकूल नको. एखाद्या विधवा बाईला आपलं नाव पत्रकावर घरोघर वाटलं गेलेलं कसं वाटेल?

माणदेशी_पोरगा

फॉर्म भरले आणि दहिवडीला सोबत गेल्या, दोन्ही. किती जणींचे ते त्यांना नक्की सांगता येत नाही, 'पंधराएक असतील, काहींचे झाले, काहींचे अडकले' म्हणाल्या.

निवृत्त_विस्तार

मग आकडा टाकूच नका. 'वस्तीवरच्या बायकांचे' एवढं पुरे. आकडा टाकला की कोणीतरी मोजतं. आणि 'काहींचे अडकले' हे टाकता आलं तर टाका. ज्यांचे अडकलेत त्या बायका पत्रक वाचतील तेव्हा 'मंजूर करून दिले' हे त्यांना चटका लावून जाईल.

ॲडव्होकेट_होणार

साहेब, प्रतिज्ञापत्राचा मुद्दा मान्य. पण पत्रक छापायला तहसीलदारांची परवानगी लागते ना? ती घेताना मजकूर तपासला जाईलच की.

छापखाना

मजकूर तपासून परवानगी अशी भानगड मी तरी पत्रकाला बघितलेली नाही. तुम्ही बहुतेक स्पीकरच्या आणि प्रचारगाडीच्या परवानगीबद्दल बोलताय. पत्रकाला आम्ही बघतो ते तळाची ओळ : मुद्रकाचं नाव-पत्ता, प्रकाशकाचं नाव-पत्ता, प्रती किती. ती नसेल तर मी मशीनला लावत नाही, कारण उद्या पहिला प्रश्न मला विचारतात. प्रकाशक कोण ते लेखी घेतो, सही घेतो. आणि छपाईचं बिल उमेदवाराच्या खर्चात धरायचं असतं, म्हणून प्रती खऱ्या लिहा. ५०० लिहून २००० छापून मागणारे येतात.

निवृत्त_विस्तार

बरोबर. आणि त्या खर्चाचा हिशेब निकालानंतर तीस दिवसांत द्यायचा असतो, हरलेल्यांनीही. हिशेब दिला नाही म्हणून अपात्र झालेले मी खूप बघितलेत, खोट्या पदवीवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त. बिल जपून ठेवा.

रानवारा

टँकरची गोष्ट भारी आहे, मान गये. पण शिक्षणात 'बारावी नापास' आणि 'बी.ए. अपूर्ण' असं छापणार आहात का? समोरचा पॅनेल स्पीकरवरून ओरडेल, 'दोनदा नापास उमेदवार!' खरं बोला, पण सगळंच कशाला बोलायचं? 'दहावी उत्तीर्ण' लिहा आणि गप्प बसा. त्यात खोटं काय आहे?

सुलू

या वेळी रानवारांशी थोडी सहमत आहे, नाइलाजाने. दहावी उत्तीर्ण हे पूर्ण खरं आहे. न सांगणं आणि खोटं सांगणं यात फरक आहेच.

निवृत्त_विस्तार

प्रतिज्ञापत्रात शेवटचं उत्तीर्ण केलेलं शिक्षण म्हणून दहावी, वर्ष, शाळा. त्याबद्दल दुमत नको. पत्रकात पुढचं लिहायचं की नाही हा वहिनींचा प्रश्न आहे, कायद्याचा नाही. लिहायचंच झालं तर कसं, ते सांगतो.

'बी.ए. (प्रथम वर्ष)' असं लिहू नका. कंस कोणी वाचत नाही, बी.ए. तेवढं वाचतात. कंसात लपवणं हा पत्रकातला सगळ्यात जुना डाव आहे. 'बी.ए. अपिअर्ड' पण नको, गावात अपिअर्ड म्हणजे पास असंच समजतात. पूर्ण वाक्य लिहा. वाक्यात क्रियापद येतं आणि क्रियापदाला खोटं बोलणं जड जातं.

छापखाना

हे पटलं. पदवीच्या जागी नुसती अक्षरं टाकली की साच्यात छान बसतात, म्हणूनच सगळे टाकतात. तसंच 'डॉ.' चं. मागच्या वेळी एकजण मानद डॉक्टरेट घेऊन आला होता, हॉटेलातल्या कार्यक्रमात शाल-श्रीफळासकट मिळालेली. 'नावाआधी डॉ. मोठं टाका' म्हणाला. गावातल्या म्हाताऱ्या त्याला गुडघेदुखीवर औषध विचारायला लागल्या.

माणदेशी_पोरगा

😄 वहिनींना विचारलं. त्या म्हणतात बारावीचं लिहा. त्यांचं कारण असं की वस्तीवर पाच-सहा मुली बारावीला इंग्रजीतच राहून घरी बसल्यात. आणि दादाचं म्हणणं रानवारांसारखं. घरात यावरून अबोला आहे सध्या.

मी कच्चा मसुदा टाकतो, हाणा :

'शिक्षण : दहावी उत्तीर्ण, मार्च २००४ (सनदेवर माहेरचं नाव). बारावीची परीक्षा दिली, इंग्रजी राहिलं. लग्नानंतर मुक्त विद्यापीठात बी.ए.ला प्रवेश घेतला, पण पदवी पूर्ण झाली नाही.

काम : २०१९ च्या उन्हाळ्यात आपल्या वस्तीच्या विहिरीवर टँकरच्या खेपांचा हिशेब ठेवला. टँकर आला की वेळ वहीत लिहायची आणि आलेल्या खेपेपुढेच सही करायची, हे काम उन्हाळाभर केलं. ती वही आजही घरी आहे, कोणीही येऊन बघावी.

२०१४ पासून अकरा जणींच्या बचत गटाची सचिव. गटाने बँकेचं कर्ज घेतलं आणि पूर्ण फेडलं. त्यातून दोघींनी शेळ्या घेतल्या, एकीने पिठाची गिरणी टाकली.

वस्तीवरच्या बायकांचे निराधार योजनेचे फॉर्म भरून दिले, तहसीलला सोबत गेले. काहींचे मंजूर झाले, काहींचे अजून अडकले आहेत.'

शाळेच्या भिंतीचं अजून लिहिलेलं नाही. तिथे घोळ आहे, पुढच्या प्रतिसादात सांगतो.

सुलू

छान झालंय. 'कोणीही येऊन बघावी' हे वाक्य सोन्याचं आहे. गटाच्या ओळीत एक बघ, फेडलं ते गटाने, वहिनींनी एकटीने नाही. तू 'गटाने' लिहिलंयस ते बरोबर, पॅनेलवाले बदलून 'फेडून घेतलं' करतील, करू देऊ नकोस. गटातल्या बाकी दहा जणी त्याच वॉर्डात मतदार आहेत.

आणि 'केलं', 'गेले' असं अर्धं मी-भाषेत, अर्धं त्रयस्थ झालंय. सगळं 'मी' मध्ये लिही. वहिनी बोलताहेत असं वाटू दे.

रानवारा

'काहींचे अजून अडकले आहेत' हे प्रचारपत्रक आहे की माफीनामा?

निवृत्त_विस्तार

रानवारा, त्या ओळीपुढे 'ते काम पुढे चालू आहे' एवढं जोडलं की तुमचंही समाधान होईल. चालू आहे ना माणदेशी? चालू असेल तरच.

माणदेशी_पोरगा

चालू आहे, गेल्याच महिन्यात दोघींना घेऊन गेल्या होत्या. जोडतो. 'मी' मध्येही करतो.

आता भिंत. शाळेभोवती कुंपण नव्हतं, जनावरं आत यायची, पोरं रस्त्यावर पळायची. वहिनी शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष असताना समितीने भिंतीची मागणी करणारा ठराव केला, ग्रामसभेत मांडला. भिंत ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या पैशातून बांधली. आताचे सरपंच विरोधी पॅनेलचे, त्यांच्या पत्रकावर भिंतीचा मोठा फोटो आहे, 'आम्ही करून दाखवलं'. आमच्या पॅनेलच्या पोरांचं म्हणणं, भिंत आपली आहे, वहिनींनी मागितली नसती तर झालीच नसती. खरं कोणाचं?

निवृत्त_विस्तार

दोघांचं, आणि दोघांचंही अर्धंच. समिती भिंत बांधू शकत नाही, तिच्याकडे तेवढा पैसाच नसतो. मागणी करू शकते. सरपंच एकटेही बांधू शकत नाहीत, मासिक सभा, आराखडा, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश असं सगळं होतं. तुमच्याकडे पुरावा ठरावाचा आहे. समितीच्या बैठकीचं इतिवृत्त काढा, तारीख आणि ठराव क्रमांक बघा, ग्रामसभेच्या इतिवृत्तात तो विषय आहे का तेही बघा. असेल तर लिहा : 'मी अध्यक्ष असताना शाळा समितीने भिंतीचा ठराव करून ग्रामसभेत मांडला. भिंत ग्रामपंचायतीने बांधली.' बस.

आणि अध्यक्ष किती काळ होत्या? 'शाळा समिती अध्यक्ष' एवढंच लिहिलं की आजही आहेत असं वाटतं. वर्षं टाका.

माणदेशी_पोरगा

एक मुदत अध्यक्ष, पुढची मुदत नुसत्या सदस्य. वर्षं टाकतो.

पण 'भिंत ग्रामपंचायतीने बांधली' हे वाक्य पॅनेलला चालत नाहीये. म्हणतात, आपल्या पत्रकात समोरच्याचा प्रचार कशाला.

रानवारा

पॅनेलचं बरोबर आहे! ठरावापर्यंत लिहा, पुढचं वाक्य गाळा. सुलूताईंनीच सांगितलंय, न सांगणं म्हणजे खोटं नाही.

सुलू

माझा मुद्दा माझ्यावरच उलटवला. पण इथे गाळलं तर 'ठराव केला, भिंत झाली' असं वाचलं जातं आणि ते खोटंच पडतं. दहावीचं तसं नाही. दहावी वाचून कोणी बी.ए. समजत नाही.

ॲडव्होकेट_होणार

मग भिंतच गाळावी. टँकर, गट, निराधार पुरेसं आहे.

छापखाना

गाळून चालणार नाही. समोरच्याच्या पत्रकावर फोटो आहे, लोक विचारणारच, तुम्ही शाळा समितीवर असताना काय केलंत.

जागेचं सांगतो. ए-फाइव्ह, दोन्ही बाजू, ९० जीएसएम. पुढे फोटो, नाव, चिन्हाची मोकळी चौकट आणि शिक्षण. मागे काम आणि वहीचा फोटो. मजकुराचा टाइप बारीक करू नका, वस्तीवरची म्हातारी माणसं वाचणार. एवढ्या मजकुराला मागची बाजू बरोबर पुरते, भिंतीच्या दोन ओळी धरून. प्रूफ वहिनींना स्वतः वाचू दे, तू नको आणि पॅनेलवाले नकोत. आणि प्रत्येक पानावर त्यांची सही घे. शेवटच्या रात्री कोणीतरी येऊन 'एक शब्द वाढवा' म्हणतंच, तेव्हा मला दाखवायला ती सही बरी पडते.

माणदेशी_पोरगा

शनिवारी गावी जातोय. समितीचं इतिवृत्ताचं रजिस्टर मुख्याध्यापकांकडे आहे, ठरावाची नक्कल मागितली आहे. भिंतीच्या दुसऱ्या वाक्यावर पॅनेलची बैठक त्याच रात्री आहे. वहिनी म्हणतात ते वाक्य नसेल तर भिंतच नको. पॅनेलप्रमुख म्हणतात भिंत हवीच, वाक्य नको.

रानवारा

बैठकीत जेवण ठेवा, सुटेल.

कोकणातला_गजा

साहेब, मेहुण्याच्या पत्रकात शिक्षण लिहायलाच हवं का? सहावीच आहे म्हणून विचारतोय. नाव चांगलं आहे त्याचं, गावच्या पऱ्यावरचा साकव पावसात वाहून गेला की दरवर्षी तोच पोरं जमवून बांधतो.

निवृत्त_विस्तार

गजाभाऊ, प्रतिज्ञापत्रात जे आहे ते लिहावंच लागेल, पत्रकात बंधन नाही. पण साकवाबद्दल सांगा जरा. लाकूड कुठून आणतात, किती माणसं लागतात, कोण कोण येतं?